टाय रॉड जाड केला, पण बूमचं काय? मकरपुऱ्यातल्या एका जिब क्रेनचं प्रकरण

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत डाय आणि मोल्ड बनवणारा एक मराठी माणसाचा छोटा कारखाना आहे. मिलिंग मशीनवर जड डाय चढवायला तिथे शेडच्या लोखंडी खांबावर एक टनाची जिब क्रेन बसवलेली आहे. क्रेन साधीच. खांबाच्या खालच्या ब्रॅकेटमधल्या उभ्या पिनवर आडवी बूम फिरते, आणि बूमच्या टोकाजवळून एक टाय रॉड तिरका वर जाऊन खांबाच्या वरच्या ब्रॅकेटला धरलेला आहे. दोन्ही ब्रॅकेटच्या पिना एकाच ओळंब्यात आहेत. बूमच्या खालच्या फ्लँजवर ट्रॉली धावते आणि ट्रॉलीला चेन ब्लॉक टांगलेला आहे.

मालकांना शेडमधून धूर ओढणारा पत्र्याचा डक्ट न्यायचा होता आणि तो नेमका टाय रॉडच्या वाटेत येत होता. फॅब्रिकेटरने तोडगा काढला: वरचा ब्रॅकेट जवळजवळ एक मीटर खाली घेऊ, टाय रॉड २५ मिमीऐवजी ३२ मिमीचा टाकू. रॉड आणूनही ठेवला होता. मालकांनी मला बोलावलं ते खरं तर दुसऱ्याच गोष्टीसाठी. "साहेब, एवढ्यात बूम फिरवताना मुळाशी खटकन आवाज येतो. ग्रीस मारून झालं, बुश बदलून झालं. ब्रॅकेट खाली घेताय तर तेही बघून घ्या."

हे दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण दोन्हींची उत्तरं एकाच हिशेबातून निघतात. भार बूमवरून सरकतो तेव्हा कुठल्या भागावर किती जोर येतो, हा तो हिशेब.

आधी मापं. पिनपासून ट्रॉली जास्तीत जास्त ४.० मीटरपर्यंत जाते, तिथे स्टॉपर आहे. टाय रॉडची मध्यरेषा बूमच्या मध्यरेषेला ३.६ मीटरवर छेदते, म्हणजे शेवटचे ४० सेंटिमीटर टायच्या पुढे लोंबतात. वरची पिन खालच्या पिनच्या १.८ मीटर वर. ती ०.९ मीटरवर आणायची होती. बूम आयएसएमबी १५० या आय-बीमची, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो, सगळी मिळून ६० किलो. उचलायचा माल १००० किलो, चेन ब्लॉक आणि ट्रॉली १०० किलो. ११०० किलोचे १०.८ किलोन्यूटन होतात. माल उचलताना आणि सोडताना बसणाऱ्या झटक्यासाठी त्यात पाव भाग वाढवून मी १३.५ किलोन्यूटन धरले. बूमचं वजन ०.६ किलोन्यूटन, ते मधोमध म्हणजे २.० मीटरवर.

पहिलं समीकरण एका ओळीचं आहे. बूमच्या मुळाशी असलेल्या पिनभोवती मोमेंट, म्हणजे बल गुणिले अंतर, घ्यायचे. भार बूमला खाली फिरवू पाहतो, टाय रॉड तिला धरून ठेवतो. टायचा ताण आडव्या आणि उभ्या घटकांत मोडला आणि ते वरच्या पिनपाशी लागतात असं मानलं, तर उभा घटक खालच्या पिनच्या थेट वर असल्यामुळे त्याचा मोमेंट शून्य होतो. उरतो फक्त आडवा घटक आणि त्याची भुजा म्हणजे दोन पिनांमधलं उभं अंतर. म्हणून:

टायचा आडवा जोर = (भार × पिनपासून अंतर + बूमचं वजन × २.०) ÷ दोन पिनांमधली उंची

टाय बूमला कुठे जोडलाय, ३.६ वर की २.४ वर, हे या सूत्रात कुठेच नाही. पुढे फॅब्रिकेटरशी झालेल्या वादात हीच गोष्ट कळीची ठरली.

बूमवर आडवं ओढणारं दुसरं काही नसल्यामुळे टायचा हा आडवा जोर म्हणजेच बूममधलं दाबबल. ते मुळाच्या पिनपासून टायच्या जोडापर्यंत सगळीकडे सारखंच असतं. जोडाच्या पुढच्या ४० सेंटिमीटरमध्ये दाबबल शून्य, तिथे फक्त वाक. मात्र ट्रॉली जोडाच्या पुढे गेली म्हणून आतल्या भागातलं दाबबल कमी होत नाही. अंतर वाढतं तसं तेही सरळ रेषेत वाढतच जातं.

मुळाच्या पिनवरचं उभं बल वेगळ्या तऱ्हेने बदलतं. एकूण वजन १४.१ किलोन्यूटन. त्यातला टायने उचललेला वाटा वजा केला की पिनच्या वाट्याला उरतं ते. टायचा उभा वाटा म्हणजे मोमेंट भागिले ३.६. इथे उलट वरच्या पिनची उंची कुठेच येत नाही.

चार जागांचे आकडे असे येतात, सगळे किलोन्यूटनमध्ये:

| ट्रॉली कुठे | दाबबल, उंची १.८ मी. | दाबबल, उंची ०.९ मी. | मुळाच्या पिनवर उभं बल |
|---|---|---|---|
| ०.५ मी. | ४.४ | ८.८ | ११.९ |
| २.० मी. | १५.७ | ३१.३ | ६.३ |
| ३.६ मी. | २७.७ | ५५.३ | ०.३ |
| ४.० मी. | ३०.७ | ६१.३ | −१.२ |

शेवटच्या रकान्यातल्या शेवटच्या ओळीतलं वजा चिन्ह म्हणजेच तो 'खट्'.

ट्रॉली आत असते तेव्हा बूमचं मूळ ब्रॅकेटच्या खालच्या पाटीवर बसलेलं असतं, कारण वजन खाली दाबतं. ट्रॉली टायच्या जोडापर्यंत पोचली की जवळजवळ सगळा भार टायच उचलतो आणि मूळ नुसतं टेकलेलं राहतं. ट्रॉली आणखी पुढे, ३.६७ मीटरच्या पलीकडे गेली, की टायचा जोड टेकू बनतो आणि मूळ वर उचललं जाऊ लागतं. पूर्ण भार टोकाला असताना हा वरचा जोर, झटका सोडला तरी, साधारण ९५ किलोइतका येतो.

या क्रेनमध्ये बूमच्या मुळाची बाही उभ्या पिनवर सरकवलेली होती. खाली पाटी, वर फक्त एक वॉशर आणि त्यावर कॉटर पिन. मधे वर-खाली चार मिमीची ढील. मी बाही पुसून पाहिली तर तिची खालची कडा चकचकीत होती, ते अपेक्षितच. पण वरच्या कडेवरही तशीच चकाकती गोल रेघ होती आणि वॉशर एका बाजूने झिजून बशीसारखा झाला होता. क्रेन ओढली जाऊ शकते फक्त खाली, असं समजून ज्याने ती बनवली त्याने वर कॉटर पिन पुरेशी मानली असणार.

मालकांचं म्हणणं होतं की आवाज ट्रॉली नेताना येत नाही, बूम फिरवताना येतो, म्हणून दोष बुशचाच. निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष नव्हता. टोकाला भार असताना बूम त्या पिनवर आडवी पंचवीस-तीस किलोन्यूटनने दाबली जाते. एवढ्या दाबाखालचं घर्षण बाहीला वर सरकू देत नाही. नऊशे न्यूटनचा वरचा जोर त्याच्यापुढे काहीच नाही. पण बूम फिरवायला सुरुवात केली की घर्षणाची दिशा गोल फिरण्याच्या विरुद्ध होते आणि उभ्या दिशेने बाही जवळजवळ मोकळी होते. मग ती वर उडी घेते आणि वॉशरवर आपटते. ट्रॉली आत आणून पुन्हा फिरवली की खाली बसते, तेव्हा दुसरा, थोडा बोथट आवाज.

हे खरंच असंच होतंय का, ते तपासायला सोपं होतं. रिकामा हुक टोकाला नेऊन बूम फिरवली तर आवाज येता कामा नये, कारण नुसता शंभर किलोचा चेन ब्लॉक बूमच्या मुळाकडच्या वजनाला उलटवू शकत नाही. हिशेबाने टोकाला एकूण सुमारे २४५ किलो, म्हणजे माल १४५ किलोच्या वर असेल तरच मूळ उचललं जातं. रिकामा हुक फिरवला, काही नाही. शंभर किलोच्या आतबाहेरची एक डाय टांगली, तरी काही नाही. तीनशेची टांगली आणि बूम ढकलली तशी खट्. त्यानंतर ट्रॉली साडेतीन मीटरवर आणून तीच डाय फिरवली तर पुन्हा शांत. मालक म्हणाले, "म्हणजे आम्ही बुश उगाच बदलला." बुश खराब नव्हताच.

आता मोठा प्रश्न, ब्रॅकेट खाली घेण्याचा.

टाय रॉडपुरतं फॅब्रिकेटरचं गणित चुकीचं नव्हतं. उंची १.८ असताना टोकाच्या भाराला टायमधला ताण ३४.३ किलोन्यूटन येतो. उंची ०.९ केली की ६३.२. आडवा जोर नेमका दुप्पट होतो, पण रॉड आडवा झाल्यामुळे एकूण ताण दुपटीपेक्षा थोडा कमी वाढतो. जुन्या रॉडच्या टोकांना एम २४ ची चुडी, म्हणजे आटे, होती, तिचं ताण झेलणारं क्षेत्र ३५३ चौरस मिमी. म्हणजे चुडीत दर चौरस मिमीला ९७ न्यूटन, ठीक. नव्या जागी तोच रॉड ठेवला तर १७९, चालणार नाही. ३२ चा रॉड आणि एम ३० ची चुडी घेतली तर ११३, पुन्हा ठीक. टायचा प्रश्न सुटला.

पण टाय जेवढं ओढतो तेवढंच बूमला दाबलं जातं, आणि बूम होती तीच राहणार होती.

बूमवर दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि त्यांची वाईट जागा वेगवेगळी आहे. टायला सगळ्यात जास्त ताण ट्रॉली टोकाला असताना येतो. बूमला सगळ्यात जास्त वाक मात्र ट्रॉली मूळ आणि टाय यांच्या मधोमध, १.८ मीटरवर असताना बसतो. तिथे वाकाचा मोमेंट १२.४ किलोन्यूटन-मीटर. वाकाला किती तोंड देता येतं ते सांगणारा आयएसएमबी १५० चा सेक्शन मॉड्युलस ९६.९ घन सेंमी, म्हणजे १२८ मेगापास्कल, दर चौरस मिमीला तेवढे न्यूटन, नुसत्या वाकाचे. त्यावर दाबबलाचे ७ किंवा १५, ब्रॅकेट वर आहे की खाली त्याप्रमाणे. बेरीज १३५ वरून १४३. ट्रॉली टोकाला असताना हीच बेरीज नव्या उंचीला धरूनही ८८ च येते, कारण तेव्हा फक्त ४० सेंटिमीटरच्या लोंबत्या भागाचा वाक असतो. क्रेनची टेस्ट घेताना वजन टोकाला टांगून 'पास' म्हणायची पद्धत आहे. त्यात टाय, ब्रॅकेटचे बोल्ट आणि खांब तपासले जातात, पण वाकाच्या दृष्टीने बूमची खरी परीक्षा होतच नाही. एक वेळ टोकाला आणि एक वेळ मधोमध, अशा दोन जागी वजन लावायला हवं.

१३५ वरून १४३ ही वाढ किरकोळ दिसते. एवढंच पाहिलं असतं तर मीही होकार दिला असता. धोका आणखी एका जागी होता: बूम उभ्या दिशेने नाही, आडवी, बाजूला मुडपण्याचा.

आय-बीम उभ्या दिशेने ताठ असतो, बाजूने लेचापेचा. आयएसएमबी १५० ची बाजूकडची त्रिज्या, जिला रेडियस ऑफ जायरेशन म्हणतात, फक्त १६.६ मिमी आहे. मूळ ते टाय हे ३.६ मीटरचं अंतर भागिले १६.६ मिमी म्हणजे स्लेंडरनेस रेशो २१७. दाब घेणाऱ्या भागांसाठी आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाने घातलेली मर्यादा १८० आहे. बूम मुळातच या मर्यादेबाहेर होती, ब्रॅकेट हलवण्याआधीपासून.

इथे एक शंका येते आणि ती मालकांच्या इंजिनीअर मुलाने काढलीच. बूमचं बाहेरचं टोक तर बाजूला मोकळं आहे, क्रेन फिरतेच की. मग ती एका टोकाला धरलेल्या खांबासारखी आणखी कमजोर धरायला नको का? नको. कारण टाय रॉडचं वरचं टोकही त्याच ओळंब्यातल्या पिनवर फिरतं. बूम कुठेही फिरली तरी टाय तिला नेहमी खांबाच्या अक्षाकडेच ओढतो, म्हणजे दाबबलाची रेषा कायम दोन्ही टोकांतून जाते. धनुष्याच्या दोरीसारखं ते आहे. म्हणून दोन्ही टोकं बिजागरीची धरून ३.६ मीटर हीच लांबी घ्यायची.

ऑयलरच्या सूत्राने ही बूम बाजूला मुडपायला लागणारं दाबबल ७९.७ किलोन्यूटन येतं. जुन्या उंचीला टोकाच्या भाराने ३०.७ येत होते, म्हणजे ३८ टक्के. नव्या उंचीला ६१.३, म्हणजे ७७ टक्के.

७७ टक्के म्हणजे अजून तेवीस टक्के शिल्लक आहे, असं वाचू नये. बीम पूर्ण सरळ कधीच नसतो. त्यात थोडा बाक असतो, आणि दाबबल ऑयलरच्या आकड्याच्या जवळ जाऊ लागलं की हा बाक पटीत वाढतो. पट किती, ते एक भागिले शिल्लक राहिलेला हिस्सा. ३८ टक्क्यांना १.६ पट, ७७ टक्क्यांना ४.३ पट. तो वाढलेला बाक गुणिले दाबबल म्हणजे बाजूकडचा नवा वाक, आणि बाजूने या सेक्शनचा मॉड्युलस फक्त १३.१ घन सेंमी.

बूममध्ये मुळात बाक किती आहे ते मापलं. वरच्या फ्लँजच्या कडेला मूळ ते टायचा जोड अशी नायलॉनची दोरी ताणून लावली आणि मधोमध पट्टीने अंतर घेतलं. रिकाम्या हुकाला बाक चार मिमी. मग एक टन वजन टोकाला नेऊन, झुलणं थांबल्यावर पुन्हा मापलं. जुन्या १.८ मीटरच्या मांडणीत, झटका न धरता, हिशेबाने ५.८ यायला हवे होते. पट्टीवर सहाच्या जरासं आत दिसले. एवढ्या साध्या मापाला यापेक्षा जास्त अचूकता मागू नये, पण बाक वाढतोय आणि अपेक्षित प्रमाणातच वाढतोय, हे मालकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. कागदावरच्या ७७ टक्क्यांपेक्षा त्या दोन मिमींचा परिणाम जास्त झाला.

नव्या मांडणीत, झटक्यासह, त्याच चार मिमीचे सतरा झाले असते. ६१.३ किलोन्यूटन गुणिले सतरा मिमी म्हणजे बूमच्या मधोमध बाजूकडून आणखी सुमारे ८० मेगापास्कल. म्हणजे एकाएकी टोकाची जागाही मधोमधच्या जागेइतकीच वाईट ठरते. आणि डाय थोडी तिरकी ओढून उचलली, जे त्या शेडमध्ये रोज होतं, तर बाजूकडचा जोर त्यावर आणखी. मी स्पष्ट नाही म्हटलं.

फॅब्रिकेटर अनुभवी माणूस होता, त्याने लगेच दुसरी वाट सुचवली. "साहेब, टाय आत घेऊ. बूमला अडीच मीटरच्या आसपास लग मारतो. कोन उभा होईल, जोर आपोआप कमी." ऐकायला हे अगदी पटतं, कारण टाय जितका उभा तितका ताण कमी हे आपण शिकलेलो असतो. पण ते खरं आहे ते वरची पिन उचलून कोन उभा केला तर. पिन तिथेच ठेवून खालचा जोड आत आणला तर आडव्या जोराच्या सूत्रात काहीच बदलत नाही. भार तोच, अंतर तेच, उंची तीच, म्हणून दाबबल पुन्हा ६१.३. टायमधला ताण तर उलट वाढतो: २.४ मीटरवर जोड घेतला तर ६३.२ ऐवजी ६५.५.

त्यात फायदा एवढाच की बाजूला मुडपण्याची लांबी ३.६ वरून २.४ वर येते, आणि तो फायदा खराच आहे. पण लोंबता भाग १.६ मीटर होतो. टोकाच्या भाराने टायच्या जोडापाशी वाक १३.५ गुणिले १.६, म्हणजे २१.६ किलोन्यूटन-मीटर, म्हणजे २२३ मेगापास्कल. साधं पोलाद ज्यापुढे कायमचं वाकतं ती यील्ड मर्यादा २५० आहे हे पाहता हा नुसता वाकाचाच आकडा तिच्या जवळ पोचला. शिवाय मुळाच्या पिनवरचा वरचा जोर १.२ वरून जवळजवळ ९ किलोन्यूटन होतो. कॉटर पिनवर नऊ किलोन्यूटन! हे आकडे त्याच्यासमोर खडूने लिहून दाखवल्यावर त्यानेच खडू घेऊन त्यावर रेघ मारली.

उरले दोन पर्याय. एक, ब्रॅकेट आहे तिथेच ठेवून डक्ट वळवायचा. माझी पसंती याला होती. पण डक्टला दोन एल्बो वाढले असते आणि पंख्यावर ताण आला असता, असं डक्टवाल्याचं म्हणणं पडलं. दुसरा, बूम बदलून आयएसएमबी २०० घ्यायची. तिचं वजन चाळीस किलोनी जास्त, पण बाजूकडची त्रिज्या २१.५ मिमी, स्लेंडरनेस १६७, मर्यादेच्या आत. ऑयलरचं बल २२८ किलोन्यूटनच्या आसपास. वाढलेल्या वजनासह दाबबल ६२.२ येतं, म्हणजे २७ टक्के, जुन्या क्रेनपेक्षाही बरं. मधोमधचा वाक १२८ वरून ५६-५७ मेगापास्कलवर येतो. मालकांनी हा पर्याय घेतला. नवा बीम येईपर्यंत, ब्रॅकेट खाली आलेला आणि बूम जुनी अशा मधल्या काळासाठी, क्रेनवर पाचशे किलोची मर्यादा रंगवून घेतली. तेवढ्या भाराला दाबबल ३४ किलोन्यूटन येतं, साधारण पूर्वी पूर्ण भाराला येत होतं तेवढंच.

खांबाची चिंता मालकांना जास्त होती, पण तिथे फारसं काही बदलत नव्हतं. वरच्या ब्रॅकेटला ओढणारा आणि खालच्या ब्रॅकेटला ढकलणारा आडवा जोर दुप्पट झाला, पण त्यांच्यातलं अंतर निम्मं झालं. म्हणून खालच्या ब्रॅकेटच्या खाली, थेट पायापर्यंत, खांबावरचा मोमेंट आधी होता तेवढाच राहिला. फरक पडला तो ब्रॅकेटच्या बोल्टांना. वरच्या ब्रॅकेटला एम १६ चे चार बोल्ट होते, प्रत्येकावर पावणेआठ किलोन्यूटन ओढ येत होती ती साडेपंधरा झाली. ब्रॅकेटची पाटी वाकून बोल्टवर जी जादा ओढ येते ती धरून मी एम २० सांगितले आणि पाटी बारा मिमीवरून सोळाची केली.

नव्या बूमवर टाय जोडायचा लग बसवताना एका गोष्टीवर मी फॅब्रिकेटरशी अडून बसलो. लग वरच्या फ्लँजवर वेल्ड होतो आणि टायची पिन फ्लँजच्याही वर असते. आता टाय बराच आडवा झाल्यामुळे त्याची मध्यरेषा बूमच्या मध्यरेषेला लगच्या पायाशी नाही, तिथून बरीच पुढे जाऊन छेदते. लग नेमका कुठे मारायचा ते या छेदबिंदूवरून मागे मोजून ठरवायला हवं. पिन बूमच्या मध्यरेषेपासून १५ सेंटिमीटर वर असेल, तर चारास एक उताराने लग छेदबिंदूच्या ६० सेंटिमीटर अलीकडे येतो. नजरेने ३.६ वर लग मारला असता तर टायची ओढ वरच्या कडेला लागून बूममध्ये जादा वाक बसला असता: ६० किलोन्यूटन गुणिले १५ सेंटिमीटर, म्हणजे ९ किलोन्यूटन-मीटर. मधोमधच्या वाकाच्या तीन चतुर्थांश! लग आत आला म्हणून टायपुढचा मोकळा भाग वाढतो, तो हिशेबात पुन्हा पाहावा लागतो. त्या लगखाली बूमच्या वेबला दोन्ही बाजूंनी स्टिफनर दिले.

ही सगळी गणितं चेन ब्लॉक ट्रॉलीला टांगलेला असताना लागू पडतात. दोरी बूमवरून मुळाशी असलेल्या विंचकडे जात असेल तर त्या दोरीचा ताण बूमच्या दाबबलात वेगळा मिळवावा लागतो.

मुळाच्या 'खट्'चं काय, तर ब्रॅकेटची उंची बदलून त्यात तसूभर फरक पडणार नव्हता, कारण त्या बलाच्या सूत्रात उंची नाहीच. जड बूममुळे वरचा जोर जरा घटून १.१ किलोन्यूटन झाला, एवढंच. कॉटर पिन काढून बाहीच्या वर दहा मिमीची पाटी दोन बोल्टांनी पक्की केली आणि वर-खालची ढील एक मिमीच्या आत आणली. आवाज गेला. जोर गेला नाही, तो आता पाटी घेते.

नवी बूम बसल्यावर मालकांनी लगेच विचारलं की बीम इतका दणकट आहे तर ट्रॉली अर्धा मीटर आणखी पुढे जाऊ देता येईल का, मशीनचा पलीकडचा टेबल गाठता येईल. बूमच्या वाकाला हरकत नव्हती. पण ४.५ मीटरवर मुळाचा वरचा जोर १.१ वरून २.९ किलोन्यूटन होतो, आडवा जोर ७० च्या जवळ जातो आणि टायच्या चुडीत ११४ वरून १२८ होतात. चुडीसाठी मी १२० ची मर्यादा धरली होती. स्टॉपर ४.० वरच वेल्ड केला.